'ग्रीव्हियस'मधला जास्तीचा आय : ऐरोलीच्या वाचकाला उत्तर

> "सर, मागच्या लेखात तुम्ही म्हणालात की ग्रीव्हसचं ग्रीव्हियस आपण मराठी माणसं करतो, आपली जीभच तशी वळते. मला नाही पटलं. आमच्या ऑफिसच्या कॉलवर लंडनचे लोक सर्रास मिस्चीव्हियस म्हणतात. शिवाय हे रूप चारेकशे वर्षांचं जुनं आहे असं वाचलंय. मग चूक कसली? उगाच आपल्याच लोकांना नावं ठेवू नका." (ऐरोलीहून एक वाचक)

नमस्कार. ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय ते शब्द म्हणजे grievous, गंभीर, आणि mischievous, खोडकर; प्रमाण उच्चार ग्रीव्हस आणि मिस्चिव्हस. मागच्या लेखातलं माझं ते वाक्य चुकलं होतं. तुम्ही ते दाखवून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपल्या जिभेचा यात काही दोष नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच बोलण्यात आहे. 'परीक्षा आली की तो नर्व्हस होतो' हे आपण घरोघरी म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. नर्व्हियस कुणी म्हणत नाही. 'व्ह'नंतर लगेच 'अस' म्हणणं आपल्याला जड गेलं असतं, तर नर्व्हसचीही तीच गत झाली असती.

मग ग्रीव्हसच का बिघडतो? कारण त्यात 'व्ह'च्या आधी लांब 'ई' आहे. 'ईव्ह' असा आवाज आला की पुढे 'इयस' येणार, अशी कानाला सवय लागलेली असते. प्रीव्हियस हा शब्द आपण वीजबिलातल्या मागच्या रीडिंगपासून बँकेच्या पासबुकापर्यंत रोज पाहतो. डीव्हियसही त्याच घडणीचा. या शब्दांच्या ओढीने ग्रीव्हसही त्यांच्या रांगेत जाऊन बसतो. ही ओढ इंग्रजीच्या आतली आहे, म्हणून ती लंडनच्या माणसालाही लागते आणि ठाण्याच्या माणसालाही.

मिस्चिव्हसचं थोडं वेगळं आहे. तिथे चूक दोन पायऱ्यांनी होते. प्रमाण उच्चारात जोर पहिल्या तुकड्यावर, 'मिस्'वर येतो. पुढचा 'चि' ऱ्हस्व आणि हलका, आणि शेवटी 'व्हस'. एकूण तीन तुकडे. पण लिहिलेला शब्द डोळ्यांपुढे आला की मधली सी-एच-आय-ई-व्ही ही अक्षरं अचीव्हसारखी दिसतात. मग वाचणारा 'चीव्ह' असं लांब म्हणतो आणि जोर दुसऱ्या तुकड्यावर जातो. लांब 'ई' आणि 'व्ह' एकत्र आले की वर सांगितलेली ओढ लागलीच. तीन तुकड्यांचे चार होतात आणि हात कानाचं ऐकून एक आय जास्तीचा टाइप करतो.

अचीव्हशी हे साम्य वरवरचंही नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'शेफ' म्हणजे डोकं, आणि त्यावरून टोक, शेवट. काम शेवटाला नेणं ते अचीव्ह, आणि वाईट शेवट होणं तो मिस्चीफ. दोघं एकाच घरातले. सुमारे १७०० पर्यंत मिस्चिव्हसमध्येही जोर दुसऱ्या तुकड्यावरच दिला जायचा. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांच्या तोंडी जुन्या उच्चाराची खूणच राहिली आहे, असं म्हटलं तरी चालेल.

जुनेपणाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. मेरियम-वेबस्टर कोशाने मिस्चीव्हियस या रूपाची नोंद सोळाव्या शतकापासूनची दाखवली आहे, हे खरं. पण त्याच कोशाने त्याला अप्रमाण ठरवलं आहे. एखादी चूक चारशे वर्षं होत आली, एवढंच त्यातून कळतं.

आणि प्रमाण रूप कुणी मर्जीने ठरवलेलं नाही, शब्दाच्या बांध्यातच ते आहे. ग्रीफ आणि मिस्चीफ या दोन्ही नामांच्या शेवटी एफ आहे. विशेषण करताना त्या एफचा व्ही होतो आणि त्याला थेट ओ-यू-एस जोडतात. आय-ओ-यू-एस येतं कुठे? जिथे मूळ शब्दातच तो आय असतो तिथे. ग्लोरी, फ्यूरी, एन्व्ही यांच्या शेवटचा वाय बदलून आय होतो, म्हणून ग्लोरियस, फ्युरियस, एन्व्हियस. प्रीव्हियसमधला आय तर लॅटिनमधूनच आला आहे. ग्रीफला ना वाय आहे ना शेवटी आय, मग जोडणार काय? ग्रीव्हसचं मूळ लॅटिन 'ग्रॅव्हिस', म्हणजे जड. आपला 'गुरु', लघु-गुरुमधला, याच कुळातला. 'ग्रॅव्हिस'मध्ये 'इ' आहे हे तुम्ही लगेच दाखवाल. पण इंग्रजी शब्द थेट तिथून आला नाही. 'ग्रॅव्हिस'पासून 'ग्रॅव्हारे' हे क्रियापद झालं, त्यावरून जुनं फ्रेंच रूप आलं, आणि या वाटेत तो 'इ' मागेच राहिला.

मी यावर एवढं का अडून बसतो, तेही सांगतो. कोर्टनाक्याजवळ वकिलांचे इंग्रजी मसुदे तपासण्याचं माझं काम आहे. तिथे हे दोन्ही शब्द कायद्याचे आहेत. ग्रीव्हस हर्ट म्हणजे जबर दुखापत. तिची व्याख्या आधी भारतीय दंड संहितेच्या ३२० कलमात होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ११६ मध्ये आहे. मिस्चीफ म्हणजे आगळीक, नव्या संहितेत कलम ३२४. मागे एका मारहाणीच्या प्रकरणाचा अर्ज तपासायला आला. त्यात ग्रीव्हस नऊ वेळा होता आणि नऊही वेळा जास्तीच्या आयसकट. मला नवल वाटलं ते एकाही शब्दाखाली लाल रेघ नव्हती याचं. स्पेलचेक तर चालू होता.

शोधल्यावर दोन कारणं सापडली. शीर्षक आणि पोटशीर्षकं पूर्ण कॅपिटलमध्ये होती, आणि वर्डमध्ये कॅपिटलमधले शब्द न तपासण्याची सोय आधीपासूनच चालू असते. मजकुरातल्या शब्दांचं कारण वेगळं होतं. कुणीतरी कधीतरी लाल रेघेवर राइट क्लिक करून तो चुकीचा शब्द डिक्शनरीत घालून टाकला होता. त्या दिवसापासून त्या कॉम्प्युटरला चूकच बरोबर वाटत होती, आणि जुनी फाइल कॉपी करून नवा अर्ज बनवायची पद्धत असल्यामुळे ती एका अर्जातून दुसऱ्यात जात राहिली.

अशा चुकीमुळे अर्ज फेटाळला जात नाही, उगाच घाबरवायला नको. पण नंतर कुणी त्या फाइलमध्ये बरोबर स्पेलिंग टाकून शोधलं, तर एकही जागा सापडत नाही. सव्वीस पानांच्या अर्जात दुखापतीचा उल्लेखच नाही, असं वाटून तो माणूस पुढे जातो.

तुमच्याही फाइलमध्ये हे तपासता येईल. शोधाच्या खिडकीत एवढंच टाका :

```
ieviou
```

यात जे सापडेल ते सगळं चूक. प्रीव्हियस, एन्व्हियस यात अडकत नाहीत, कारण त्यांच्यात व्हीच्या आधी आय-ई ही जोडी नाही, आणि बिलीव्हिंग, अचीव्हिंग यांच्यात पुढे ओ-यू नाही. जिथे सापडेल तिथे व्हीनंतरचा आय काढायचा, व्हीच्या आधीच्या आय-ईला हात लावायचा नाही. घाईत पहिलाच आय उडवलेले मसुदेही माझ्याकडे आले आहेत. डिक्शनरीत शिरलेला शब्द File > Options > Proofing > Custom Dictionaries इथे जाऊन, Edit Word List उघडून काढता येतो. कॅपिटलची सोय त्याच Proofing पानावर Ignore words in UPPERCASE या नावाने आहे, तिथली खूण काढा.

कॉलवर कुणी मिस्चीव्हियस म्हणालं तर त्याला टोकायला मी सांगणार नाही. बोलताना अर्थ पोचतो. लिहिताना मात्र व्हीनंतर थेट ओ-यू-एस.

मागच्या लेखातला जिभेवरचा तो परिच्छेद मी आज काढला आहे आणि त्या जागी नर्व्हसचं उदाहरण घातलं आहे. हरकत नसेल तर तुमच्या लंडनच्या कॉलचा उल्लेखही तिथे करीन. कळवा.