‘स्वच्छ’ म्हणजे नक्की काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

एका वाचकाची प्रतिक्रिया:

«तुमच्या यादीवर विसंबून रविवारी घरच्या सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. ‘स्वच्छ’ म्हणून तुम्ही सुचवलेल्या इंग्रजी कार्यक्रमात एकही शिवी नव्हती, हे मान्य. पण आईला अर्धा तास काही कळलं नाही आणि मग बेडरूमचा विषय असा काही निघाला की मला रिमोट शोधावा लागला. मुलगी तेरा वर्षांची आहे. स्वच्छ म्हणजे काय ते आधी ठरवा, मग याद्या द्या. आणि मराठीत काहीच नाही का?»

नमस्कार. तुमची तक्रार रास्त आहे. चूक माझ्या स्टँड-अप विनोदी कार्यक्रमांच्या यादीची आहे, त्या कलाकाराची नाही. मी ‘स्वच्छ’ हा एकच शिक्का मारून मोकळा झालो आणि त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या.

पहिली गोष्ट शब्दांची, म्हणजे शिव्या किती आणि कुठल्या. दुसरी विषयाची, आणि तुमच्या घरी घोळ झाला तो इथेच. एकही वावगा शब्द न उच्चारता लग्नाच्या पहिल्या रात्रीवर दहा मिनिटं बोलता येतं, आणि शिव्यांचा अंदाज घेऊन यादी करणाऱ्या माझ्यासारख्याला ती दहा मिनिटं दिसतच नाहीत. याच्या उलटही होतं. बापलेकाच्या भांडणावर बोलणारा हिंदी कलाकार दर तिसऱ्या वाक्याला सवयीने शिवी देतो, पण विषय इतका घरगुती असतो की शब्द सोडले तर आजीनेही ऐकावा. तिसरी गोष्ट म्हणजे विनोद कुणावर होतो: बायकोवर, जातीवर, देवावर, जाड माणसावर, की स्वतःवर. माझ्या आईला ‘च्यायला’चं काही वाटत नाही, पण गणपतीवर कुणी थट्टा केली की ती उठून स्वयंपाकघरात जाते. तुमच्या आईंचं वेगळं असेल. म्हणून कुठलाही कार्यक्रम सगळ्यांसाठी स्वच्छ असू शकत नाही. तो अमुक खोलीसाठी, अमुक माणसांसमोर स्वच्छ असतो.

आता हे आधी कसं ओळखायचं? भारतात 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांपासून नेटफ्लिक्स, प्राइम यांसारख्यांना प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा दर्जा द्यावा लागतो: यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए. त्यासोबत कारणही लिहावं लागतं, म्हणजे भाषा, लैंगिक उल्लेख, हिंसा वगैरे. बहुतेक जण आकडा बघतात आणि कारण वाचत नाहीत. स्टँड-अपमध्ये कारणच जास्त कामाचं आहे. 16+ खाली नुसती ‘भाषा’ लिहिली असेल तर अडचण शब्दांची. ‘लैंगिक उल्लेख’ असेल तर शिव्या असोत-नसोत, मुलीसमोर अवघडायला होणार. तुमच्या रविवारचं उत्तर त्या बारीक अक्षरांत होतं आणि मी ते यादीत उतरवायला हवं होतं. पण हा दर्जा कंपनी स्वतःच ठरवते, आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे विनोद कुणावर आहे याबद्दल, त्यातून फारसं काही कळत नाही.

कलाकारांनी यूट्यूबवर स्वतः टाकलेल्या कार्यक्रमांना असा दर्जा नसतो. तिथे मी दुसरा उपाय करतो. संगणकावर व्हिडिओच्या खालचं वर्णन उघडलं की Show transcript असं बटण मिळतं. ते दाबलं की बोललेलं सगळं वेळेसकट एका बाजूला दिसतं. इंग्रजी कार्यक्रमांत यंत्राने तयार केलेल्या मजकुरात शिवीच्या जागी बहुधा अशी खूण येते:

```
[ __ ]
```

त्या खुणा कुठे दाटल्यात हे पाच मिनिटांत कळतं. मजकूर माणसाने हाताने लिहून चढवला असेल तर ही खूण येत नाही आणि हिंदीत यंत्र बऱ्याचदा चुकीचं ऐकतं, तेव्हा यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. पण त्याच मजकुरात wife, bed, honeymoon असे शब्द शोधले तर विषयाचाही अंदाज येतो. तुमच्यासाठी हाच भाग महत्त्वाचा.

आईंना काही कळलं नाही, हे मला जास्त लागलं. त्याचं कारण नुसती इंग्रजी नाही, शैली आहे. जो विनोद शब्दावर उभा असतो, म्हणजे एक वाक्य, त्यात एक वळण आणि लगेच पुढचं वाक्य, तो भाषा अर्धवट येणाऱ्या माणसाच्या हाती लागत नाही. एक शब्द निसटला की अख्खा विनोद गेला. अभिषेक उपमन्यूचं हिंदी बघा. भाषा रोजचीच आहे, पण वेग इतका की हिंदी मालिका बघून हिंदी शिकलेली माझी आई दोन मिनिटांत मागे पडते. झाकिर खान मात्र गोष्ट सांगतो. माणसं उभी करतो, प्रसंग लांबवतो, मध्ये थांबतो. चार शब्द निसटले तरी कोण कुणावर रागावलंय हे कळत राहतं, आणि हसू पात्राच्या स्वभावातून येतं. त्याच्या ‘तथास्तु’मध्ये (2022) सारंगीवादक आजोबांची आठवण आहे. तिथे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भाषेची अडचण येत नाही, कारण ते घर त्यांच्या ओळखीचं असतं. पण ज्यांना दर वीस सेकंदाला हशा हवा, त्यांना तो लांबलेला वाटेल. तुमच्या मुलीला कदाचित वाटेलच.

सबटायटल्स लावले की प्रश्न सुटेल असं मलाही वाटायचं. एकदा आईशेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं काय होतं ते. कलाकार वाक्य अर्ध्यावर सोडून थांबतो, सभागृह श्वास रोखून असतं आणि खाली पडद्यावर पूर्ण वाक्य, शेवटच्या शब्दासकट, आधीच आलेलं असतं. आईने ते वाचलं, ती नुसतीच मान हलवून “बरं” म्हणाली, आणि एक सेकंदाने सभागृह खदखदून हसलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. विनोद तिला कळला होता, फक्त तिच्यापर्यंत आधी पोचला होता. वाचून कळलेल्या आणि ऐकून कळलेल्या विनोदात त्या एका सेकंदाचा फरक असतो. म्हणून सबटायटल्स गोष्ट सांगणाऱ्या कार्यक्रमात चालतात, कारण तिथे हसू शेवटच्या शब्दावर अवलंबून नसतं. शब्दांच्या खेळात ते घात करतात.

आणखी एक फसगत रील्समुळे होते. दीड मिनिटाच्या क्लिपमध्ये कलाकार पहिल्या रांगेतल्या कुणाशी तरी बोलतोय, सगळं निर्मळ आणि खेळकर चाललंय. ते बघून आपण तासाभराचा कार्यक्रम लावतो आणि तो निराळाच निघतो. याला कारण आहे. लिहिलेला विनोद आधीच क्लिपमध्ये दाखवला तर तिकीट काढून येणाऱ्याला तो शिळा लागतो, म्हणून कलाकार बरेचदा प्रेक्षकांशी झालेल्या उत्स्फूर्त गप्पाच क्लिप म्हणून टाकतात. तासाभराच्या कार्यक्रमात त्या गप्पा थोड्या असतात किंवा नसतातच. त्यामुळे क्लिपवरून त्या माणसाचा स्वभाव कळतो, कार्यक्रम कळत नाही. पहिली पाच मिनिटंही फसवी असतात, कारण सुरुवातीला सभागृह आपलंसं करायचं असतं आणि जोखमीचा विषय बहुतेक जण मधे कुठेतरी, लोक सैल झाल्यावर काढतात. मी आता विसाव्या ते तिसाव्या मिनिटाचा तुकडा आणि शेवटची दहा मिनिटं आधी एकट्याने बघतो.

गेल्या दिवाळीत हे सगळं घरी वापरून पाहिलं. खोलीत आई, माझी बहीण, तिचा तेरा वर्षांचा मुलगा आणि मी. आईची अट देवाची थट्टा नको, बहिणीची अट मुलासमोर बेडरूम नको. भाच्याची अट एकच, कंटाळा नको. इंग्रजी आधीच बाद केलं. उरले दोन हिंदी: झाकिर खानचा ‘तथास्तु’ आणि अमित टंडनचा ‘फॅमिली टँडनसीज’ (नेटफ्लिक्स, 2019). टंडनचा विषय नवरा-बायको, मुलं आणि आईवडील असा, वाक्यं छोटी, हशा लवकर येतो. म्हणजे भाच्यासाठी सोयीचा आणि आईलाही परका नाही. मी मधली दहा मिनिटं आदल्या रात्री बघितली आणि बहिणीला सांगितलं की नवरा-बायकोवरचे विनोद आहेत, चालतील का? ती म्हणाली, “भांडणावरचे चालतील.” पहिल्या दिवशी तो लावला. ‘तथास्तु’ दुसऱ्या दिवशी, भाचा खेळायला गेल्यावर, आई आणि मी दोघांनीच बघितला. एकच कार्यक्रम चौघांच्या गळी उतरवायचा हट्ट सोडला, तेव्हा जमलं.

मराठीबद्दल तुम्ही विचारलंत, ते मी टाळलं होतं, कारण यादी तासाभराच्या स्पेशल्सची होती आणि मराठी स्टँड-अप बहुतेक यूट्यूबवर दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत आहे. भाडिपाच्या चॅनेलपासून सुरुवात करता येईल. तुकडे लहान म्हणून तपासणं सोपं: चार तुकडे आधी ऐकून घ्या, नको तो वगळा, तीन ओळीने लावा. मात्र एक लक्षात ठेवा. हिंदीतली शिवी आपल्या कानाला थोडी लांबची वाटते, तीच मराठीत आली की खोलीत शांतता पसरते. म्हणून मराठी तुकड्यांना मी हिंदीपेक्षा कडक कस लावतो.

आईंसाठी मात्र मी स्टँड-अपच्या बाहेरचं सुचवीन. पु. ल. देशपांडे यांचे एकपात्री प्रयोग, जसं ‘बटाट्याची चाळ’, किंवा लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. ‘वऱ्हाड’मध्ये एकच माणूस पन्नासच्या वर पात्रं रंगवतो. आजच्या स्टँड-अपमध्ये कलाकार ‘मी’ म्हणून बोलतो आणि स्वतःचं खासगी आयुष्य उघडं करतो. इथे तो दुसऱ्यांच्या रूपाने बोलतो, त्यामुळे विषय आपोआप घराच्या दिवाणखान्यात राहतो. मराठवाड्याकडची बोली समजायला तुमच्या मुलीला थोडा वेळ लागेल, पण तिथे आजी शेजारी असेल आणि या वेळी समजावून सांगायचं काम आजीकडे येईल.

यादीत मी कालच बदल केला. ‘स्वच्छ’ हा रकाना काढून शब्द, विषय आणि रोख असे तीन केले. भाषेच्या पुढे वेगही लिहिला. तुमच्या रविवारच्या कार्यक्रमात रिमोट शोधायची वेळ नेमक्या कितव्या मिनिटाला आली, तेवढं कळवा. ते मिनिटही त्याच्या नावापुढे लिहून ठेवतो.