डोळ्यांना दिसणारी सूज आणि काट्यावरचे वजन : एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, लेख वाचून हसावे की रडावे तेच कळेना. पाण्याची गोळी सकाळीच घ्यायची हा कुठला कायदा? माझे वडील दुपारी चारला घेतात, काही बिघडलेले नाही. रोज वजन करून म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवायचे? पायाची सूज डोळ्यांना दिसतेच की. आणि गोळी घरच्या घरी वाढवायला सांगता, मग डॉक्टर कशाला हवेत?»

नमस्कार. हसण्या-रडण्याचा निर्णय मी आपल्यावरच सोपवते. माझ्या आईच्या अंगात पाणी साठण्याचा आजार आहे; लघवीवाटे ते पाणी काढणारी ‘पाण्याची गोळी’ आणि रोजचे वजन यांबद्दल मी तो लेख लिहिला होता. सहा वर्षे आईच्या उशाशी बसून जे टिपून ठेवले त्यावर कोणी असे लिहिले, तर ते वाचताना बरे वाटत नाही, एवढे मात्र सांगितले पाहिजे. मतभेद मांडण्यासाठी पहिले वाक्य गरजेचे नव्हते.

एक गोष्ट मान्य करते. ‘सकाळीच’ या शब्दातला ‘च’ माझ्याकडून जास्तीचा पडला. आईला मिळणारी फ्युरोसेमाईडची ही पाण्याची गोळी तासाभरात लघवीला लावते आणि तिचा जोर साधारण सहा तास टिकतो. ती सकाळी घेतली की दुपारपर्यंत काम उरकते आणि रात्रीची झोप मोडत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे. सकाळी आठची एस.टी. पकडायची असेल तर आम्हीही ती घरी परतल्यावर, दुपारी देतो. पण चारला घेतलेल्या गोळीचा परिणाम रात्री दहापर्यंत चालू शकतो, आणि अंधारात घाईने संडासाकडे जाताना म्हातारी माणसे पडतात. वडील रात्री किती वेळा उठतात, हे आपण लिहिलेले नाही.

आता आपल्या त्या एका वाक्याकडे वळते : ‘पायाची सूज डोळ्यांना दिसतेच की.’ कधीकाळी मीही हेच म्हणत असे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आईच्या आजाराच्या पहिल्या वर्षी आमच्या घरात वजनकाटा नव्हता. रोज रात्री मी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरत असे आणि खळगा पडला नाही की निश्चिंत होत असे. त्या हिवाळ्यात तिने आधी दोन उशा मागितल्या, मग तीन. थंडीमुळे छाती भरली असेल असे मला वाटले. एका पहाटे ती पलंगावर उठून बसली आणि तिला वाक्य पुरे करता येईना, इतकी धाप लागली. दवाखान्यात पाच दिवस शिरेतून औषध दिल्यावर तिचे वजन चार किलोंनी उतरले. ते चार किलो म्हणजे जवळपास चार लिटर पाणी होते, आणि ते साठत असताना मी रोज तिचे पाय पाहत होते.

असे का होते, हे मला नंतर समजले. अंगात दोन-तीन लिटर पाणी जादा साठेपर्यंत बऱ्याचदा पायावर खळगा पडतच नाही. त्यातही पाणी उतार शोधते : दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाचे घोटे संध्याकाळी फुगतात आणि सकाळी उतरतात, तर अंथरुणाला खिळलेल्याचे पाय कोरडे दिसतात आणि सूज कंबरेखाली, पाठीच्या बाजूला येते. याची उलटी बाजूही आहे. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीने घोटे सुजू शकतात. त्या वेळी काट्यावर वजन वाढलेले नसते आणि श्वासही नेहमीसारखा असतो. अशा सुजेवर पाण्याची गोळी वाढवत गेलात, तर सूज तशीच राहते आणि शरीर मात्र सुकून मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे डोळे दोन्हीकडून फसवतात. अंगात पाणी साठले की नाही हे काटा आधी सांगतो, कारण साठलेल्या प्रत्येक लिटरला तो एक किलो दाखवतो.

अर्थात काट्यावर वजन नीट केले तरच. आई उठते, लघवीला जाऊन येते, आणि चहाच्या आधी, रात्रीच्याच गाऊनमध्ये काट्यावर उभी राहते. काटा फरशीवर असतो, सतरंजीवर कधीच नाही. आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहिला जातो आणि गोळी त्यानंतर दिली जाते. आधी गोळी आणि मग वजन, असे झाले तर अर्धा लिटर लघवी होऊन गेल्यावरचा खोटा आकडा मिळतो. तीनशे-चारशे ग्रॅमची वर-खाली रोजचीच असते, पोट साफ झाले नाही तरी तेवढा फरक पडतो, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याने कोणी घाबरत नाही. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात. त्यात घाबरवण्यासारखे काय आहे, ते आपणच सांगा.

‘गोळी घरच्या घरी वाढवायला सांगता’ हा आरोप मात्र लेख अर्धवट वाचून केलेला आहे. आईच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहून दिली आहे, असे मी त्यात स्पष्ट लिहिले होते. सूज पूर्ण उतरलेली असतानाचे तिचे वजन ५४ किलो. तीन दिवसांत दोन किलो किंवा अधिक वाढले आणि धाप नसेल, तर दुपारी एकच्या सुमारास ४० मिलिग्रॅमची एक जादा गोळी, जास्तीत जास्त तीन दिवस. दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा धाप लागली, तर थेट फोन.

मागच्या मार्गशीर्षात भाचीचे लग्न झाले. सोमवारी ५४.१, मंगळवारी ५४.७, बुधवारी ५५.४, गुरुवारी ५६.२. पायावर खळगा नव्हता, आई चालत-बोलत होती. लग्नघरचे लोणचे-पापड आणि मसालेभात हे एक कारण होते. दुसरे कारण चौकशी केल्यावर कळले : गुडघा दुखतो म्हणून कोणीतरी तिला वेदनाशामक गोळी दिली होती, आणि त्या जातीच्या बऱ्याच गोळ्या अंगात मीठ-पाणी अडवून धरतात. ती गोळी बंद केली, चिठ्ठीप्रमाणे जादा गोळी दिली. शुक्रवारी ५५.६, शनिवारी ५४.८, रविवारी ५४.३, आणि त्या दिवसापासून पुन्हा नेहमीची एकच. डॉक्टरांना सगळे आकडे कळवले, त्यांनी त्या आठवड्यात रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घेतले. डॉक्टर कशाला हवेत, तर यासाठी.

चिठ्ठीची दुसरी ओळ खाली जाणाऱ्या वजनाची आहे, ती आपल्या लक्षात आली नसावी. मे महिन्यात आईला जुलाब झाले, वजन ५२.४ वर आले आणि अंथरुणावरून उठताना तिला घेरी येऊ लागली. ५३च्या खाली गेले तर गोळी न देता आधी फोन करायचा, असे लिहिलेले होते, तसाच केला. डॉक्टरांनी गोळी दोन दिवस थांबवली. त्या दिवशीही तिचे पाय पाहिले असते, तर ते अगदी छान, सूज नसलेले दिसले असते.

ही चिठ्ठी फक्त आईची आहे. त्यातले आकडे आपल्या वडिलांना लावू नका, त्यांचे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि चारची गोळी दोनच्या आत आणता येईल का, हेही त्याच भेटीत विचारा. जाताना आठवडाभराची सकाळची वजने कागदावर लिहून न्या.