पेन्सिल तेव्हाही होती, पण ती कशावर चालायची?

प्रतिक्रिया: "सर, स्टुडिओच्या वर्धापनदिनाचं तुमचं भाषण टाळ्या घ्यायला ठीक आहे. पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते चांगलं दिसण्यासाठीच ना? आणि रिटचिंग काय आज आलंय का, जुने फोटोग्राफरही निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचेच की. लाइट लावणं, पावडर लावणं हेही मग खोटंच झालं. 'खरा चेहरा' म्हणजे नक्की काय ते एकदा सांगाच."

उत्तर: रिटचिंग करताना माणसाचा खरा चेहरा पुसू नका, असं मी भाषणात म्हटलं होतं. पेन्सिलचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, वेळेअभावी तो भाग गाळला होता आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

फिल्मच्या आधी फोटो ज्यांवर काढायचे त्या सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा निळा प्रकाश चटकन पकडायच्या आणि लाल त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. नंतर हिरव्यापर्यंत मजल गेली, पण लाल नाहीच. सगळे रंग पकडणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या त्या 1906 च्या आसपास, आणि स्टुडिओंमध्ये रुळायला अजून बराच काळ गेला. आता याचा चेहऱ्यावर काय परिणाम व्हायचा बघा. गालावरची लाली, नाकावरची लालसर छटा, तपकिरी तीळ आणि ठिपके, साधी पुरळ, हे सगळं प्रिंटमध्ये काळपट डाग होऊन यायचं. माणूस समोर बसलाय तेव्हा नीट दिसतोय आणि फोटोत मात्र देवी आल्यासारखा! मग रिटचर निगेटिव्हवर आधी एक पातळ वार्निशसारखं लावायचा म्हणजे शिसं धरेल, आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन त्या डागांच्या जागी बारीक बारीक टिंबं भरायचा. निगेटिव्हमध्ये प्रिंटवरचा काळा डाग पारदर्शक असतो, तिथे शिसं भरलं की प्रकाश अडतो आणि प्रिंटमध्ये ती जागा उजळते. म्हणजे ती पेन्सिल बऱ्याचदा प्लेटची चूक दुरुस्त करत होती, चेहऱ्याची नाही. अर्थात हात एकदा बसला की लोक सुरकुत्याही घालवायला लागले, जुन्या प्रिंट्समध्ये मेणाच्या बाहुलीसारखे चेहरे भरपूर सापडतात, ते मी नाकारतच नाहीये. पण "पूर्वीपण करायचे" एवढ्यावर विषय संपत नाही, कशासाठी करायचे हे बघायला नको का?

भाषणात मी जी रेघ ओढली ती हीच. कॅमेऱ्याने, लाइटने किंवा त्या एका दिवसाने जे बिघडवलं ते दुरुस्त करा, वर्षांनी जे केलंय त्याला हात लावू नका. म्हणून लाइट लावणं मला खोटं वाटत नाही. उलट लाइट न लावता, डोक्यावरच्या उघड्या बल्बखाली फोटो काढला तर तो जास्त खोटा येतो, कारण डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि समोरासमोर कधी न दिसलेली खोल वर्तुळं फोटोत दिसतात. मोबाईलचंही तसंच, फोन साधारण 30 सेंटिमीटरवर धरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. आता ते नाक एडिटिंगमध्ये दाबत बसायचं की चार पावलं मागे जायचं?

एक केस घेऊ. साठी ओलांडलेल्या बाई, घरात लावायला मोठा फोटो हवाय. हनुवटीवर ताजा ओरखडा, ओठ कोरडे पडलेत, गालावर जन्मापासूनचा तीळ, भुवईत जुनी खूण, आणि हसल्या की डोळ्यांच्या कडेला छान जाळं पडतं. पहिलं काम कॅमेरा हातात असतानाच होतं. 85 मिलिमीटरची लेन्स, दीड-दोन मीटर अंतर, मोठा सॉफ्टबॉक्स डोळ्यांच्या जरा वर आणि शक्य तितका जवळ, दुसऱ्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर. लाइट मोठा आणि जवळ असला की सुरकुती दिसते पण खाच वाटत नाही. हे केलं की एडिटिंगचं निम्मं काम उरतच नाही, आणि हे न करता जे स्मूदिंगचा स्लायडर ओढतात त्यांचा मला खरंच राग येतो.

मग एडिटिंग. वेगळ्या रिकाम्या लेयरवर हिलिंग ब्रशने ओरखडा काढायचा, ओठावरची सुटलेली साल काढायची. दोन आठवड्यांनी आपोआप जाणार होतं तेवढंच जातं. तीळ राहतो. भुवईतली खूण बाईंना विचारून, आपल्या मनाने नाही. डोळ्यांखालची सावली मात्र मी थोडी हलकी करतो, कारण समोर बसलेला माणूस हलत असतो, बोलत असतो, आपली नजर त्या सावलीवर ठरत नाही, फोटोत ती गोठते आणि उगाच भारी वाटते. त्यासाठी डॉज अँड बर्न, म्हणजे ब्रशने हवी ती जागा थोडीथोडी उजळ किंवा गडद करणं, ब्रशचा फ्लो दोन-तीन टक्के, आणि झाल्यावर लेयरची ओपॅसिटी उतरवून निम्म्याच्या आसपास. सावली हलकी करायची, पुसायची नाही.

डोळ्यांच्या कडेचं जाळं का सोडायचं ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फोटो मरतात. मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, गाल वर सरकतो आणि कडेला घड्या पडतात. नुसत्या तोंडाने हसलं की हे सहसा होत नाही. आता तुम्ही घड्या पुसल्यात आणि तोंड तसंच ठेवलंत तर काय झालं? खरं हसू तुम्ही स्वतःच्या हाताने खोटं केलंत. घरचे म्हणतात "फोटो छान आलाय पण आई वाटत नाही", आणि त्यांना कारण सांगता येत नाही. कारण ते आहे.

जास्त झालंय हे ओळखायचं कसं? एडिटिंग 200 टक्के झूमवर होतं आणि तिथे प्रत्येक रोमछिद्र गुन्हेगार वाटतं, म्हणून मधूनमधून प्रिंटच्या साइझला येऊन लेयर बंद-चालू करून बघा. चालू केल्यावर आधी त्वचा नजरेत भरली आणि भाव नंतर, तर ओपॅसिटी खाली आणा. गळा आणि हात बघा, चेहरा चाळिशीचा आणि हात पासष्टीचे असं हमखास होतं. गालापासून जबड्यापर्यंत उजेडाचा उतार हळूहळू जायला हवा, ब्लर मारला की तो सपाट होतो आणि चेहऱ्याची हाडंच जातात.

आता गिऱ्हाईकाचं. पैसे त्याचे, चेहरा त्याचा, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. पण स्मूद करा म्हणणारा आणि फोटोतला माणूस बऱ्याचदा वेगळे असतात. मुलगा म्हणतो आईला जरा तरुण करा, आई शेजारी गप्प बसलेली असते. तिला विचारा ना. तिने स्वतः सांगितलं तर करून द्या, मी कोण नाही म्हणणारा. फक्त पासपोर्टच्या वगैरे फोटोत नाही, तिथे बहुतेक देशांत चेहऱ्यात डिजिटल बदल चालतच नाही, फोटो परत येईल आणि शिव्या स्टुडिओला. बाकी ठिकाणी माझी एकच अट, बदल वेगळ्या लेयरवर करा आणि मूळ फाईल डिलीट करू नका. तेच कुटुंब काही वर्षांनी "तो आईचा फोटो आहे का हो तुमच्याकडे" म्हणत येतं, आणि तेव्हा त्यांना स्मूद केलेला नको असतो, हे तुमच्या ओळखीच्या कुठल्याही जुन्या स्टुडिओवाल्याला विचारून बघा.