‘घरभर दरवळ’ मी का लिहीत नाही

वाचकाची प्रतिक्रिया:

“ताई, सुगंधी मेणबत्त्यांसाठी तुम्ही दिलेली नमुन्याची वर्णनं वाचली. प्रामाणिक आहेत, पण औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखी वाटतात. दिवाळीची भेट कुणी वजन आणि तास वाचून घेत नाही. मी स्वतः मेणबत्त्या करते. शेजारचा स्टॉल ‘घरभर दरवळणारा अस्सल मोगरा’ असं लिहितो आणि त्याचा माल माझ्याआधी संपतो. मी काय करायचं?”

उत्तर:

औषधाचा कागद ही उपमा लागली, कारण ती खरी आहे. त्या नमुन्यांत मी पहिल्याच ओळीत 150 ग्रॅम लिहून बसले होते. ती चूक मान्य. वजन शेवटी यायला हवं होतं. पण ‘घरभर दरवळ’ मात्र मी लिहिणार नाही, आणि त्याचं कारण अनुभवातून आलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मेणबत्तीवालीसाठी मी हेच दोन शब्द लिहिले होते. पाडव्यापर्यंत माल संपला. भाऊबीजेनंतर तिला फोन येऊ लागले, की वासच येत नाही. मेणबत्ती उत्तम होती. पण लोकांनी ती लावली कुठे, तर दिवाणखान्यात. बाल्कनीचं दार उघडं, पंखा चालू, बाहेर फटाक्यांचा धूर, आत चकलीचा घाणा. अशा खोलीत एका वातीच्या मेणबत्तीचा काय निभाव लागणार? तीच मेणबत्ती आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत दार लोटून लावली, तर चाळीस मिनिटांत खोली भरली. खोट होती ती माझ्या वाक्यात.

तेव्हापासून मी आधी मेणबत्ती जाळते, मग लिहिते. तुम्हीही एक जार घ्या. समजा सात सेंटिमीटर व्यासाचा काचेचा जार आहे, सोया वॅक्स आणि तेल मिळून 150 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जारसकट वजन करा, चार तास जाळा, विझवून गार झाल्यावर पुन्हा वजन करा. 18 ग्रॅम कमी झाले, तर तासाला साडेचार ग्रॅम जळतं. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की जार तापतो, तिथेच थांबायचं. या व्यासाच्या जारात ते सुमारे 35 ग्रॅम भरतं. ते सोडले, तर 115 भागिले साडेचार, म्हणजे सुमारे 25 तास. तीन जारांवर करून पाहा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा लिहा. आणि हे जाळताना वास कोणत्या खोलीत, किती वेळाने आला, तेही टिपून ठेवा. तुमचं वर्णन त्या टिपणातून निघेल.

आता मोगरा. खऱ्या फुलाचा अर्क द्रावक वापरून काढतात आणि त्याचा भाव किलोला लाखाच्या वर जातो. वर सांगितलेल्या जारमध्ये मेणाच्या आठ टक्क्यांच्या हिशेबाने 11 ग्रॅम सुगंध लागतो. म्हणजे नुसता अर्कच हजाराच्या पुढे. मग चार-पाचशे रुपयांच्या मेणबत्तीत ‘अस्सल मोगरा’ कुठून येणार? ते फ्रेग्रन्स ऑइल असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण लिहायचं मात्र तसंच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद आहे, आणि 2024 मध्ये ‘नैसर्गिक’सारख्या शब्दांबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. पण कायद्याआधी गिऱ्हाइकाचं नाक आहे. गजरा माळलेली बाई पहिल्या श्वासात ओळखते.

आणि इथेच भावना हाताशी येते, बघा. मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यातला. दिवाळीच्या दारात झेंडू असतो, शेवंती असते, आत उटण्याचा वास असतो. दिवाळीत मोगरा म्हणजे अवेळी आलेला पाहुणा. मग तेच सांगा की! मी तुमच्या जारसाठी असं लिहीन:

“मोगऱ्याचे दिवस चैत्र-वैशाखाचे. ही मेणबत्ती त्या संध्याकाळींची आठवण आहे, फुलांचा अर्क नव्हे. सुगंध फ्रेग्रन्स ऑइलचा, मेण सोयाचं. फराळाची ताटं उचलून झाली, पाहुणे गेले, की आतल्या खोलीत लावा आणि दार लोटून घ्या. अर्ध्या-पाऊण तासात वास खोलीभर होतो. मोठ्या, उघड्या दिवाणखान्यात तो जवळ बसणाऱ्यापुरताच येईल. एक जार सुमारे 25 तास. निव्वळ वजन 150 ग्रॅम.”

यात औषधाचा कागद दिसतो का? वजन आहे, तास आहेत, पण ते ताटं उचलल्यानंतर येतात. ‘मन प्रसन्न करणारी’, ‘ताणतणाव दूर करणारी’ असं काही नाही. दमलेल्या बाईला दार लोटून घेतलेली खोली दाखवली, की पुढचं तिचं ती समजून घेते. ताण जातो की नाही, ते आपण मोजलेलं नाही.

कारागिरीबद्दलही तेच. ‘प्रेमाने, हाताने बनवलेली’ हे इतक्या डब्यांवर छापलेलं असतं, की डोळा त्यावरून घसरतो. त्याऐवजी हाताने नेमकं काय केलं ते सांगा. एका वेळी चोवीसच जार ओतता, प्रत्येक वात मधोमध धरून मेण गोठेपर्यंत थांबता, दोन आठवडे मुरू देऊन मगच पाठवता, हे लिहा. रंगीत सोया वॅक्सवर कधीकधी पांढुरके, बर्फासारखे डाग उमटतात. तेही आधीच सांगून टाका, नाहीतर भेट उघडणाऱ्याला माल जुना वाटतो.

भेटीच्या मालात एक गोची असते. वर्णन वाचतो देणारा, आणि मेणबत्ती लावतो घेणारा. देणाऱ्याला चिंता असते ती आपली शोभा होऊ नये याची. त्याला सांगा की खोकं उघडल्यावर काय दिसेल: झाकण आहे का, काच कशात गुंडाळली आहे, किमतीची चिठ्ठी आत राहते का, नाव लिहायला कार्ड आहे का. घेणाऱ्याने तुमचं पान कधी पाहिलेलंच नसतं. तो अर्धा तास लावून विझवतो, मध्ये विहीर पडते, कडेचं मेण तसंच राहतं आणि वात पुढच्या वेळी बुडते. म्हणून आत दोन ओळींची चिठ्ठी घाला: “पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळू द्या, अडीच-तीन तास लागतात. पुढच्या वेळी लावण्याआधी वात पाच मिलिमीटरवर कापा. पडद्यापासून आणि मुलांपासून लांब ठेवा, पेटती सोडून जाऊ नका.”

शेजारच्या स्टॉलबद्दल. त्याचा माल पाटीमुळे संपतो असं तुम्ही धरून चालल्या आहात. मला शंका आहे. स्टॉलवर लोक वाचत नाहीत, झाकण उघडून हुंगतात. न पेटवलेल्या मेणबत्तीचा वास आणि पेटवलेलीचा वास वेगळा असतो, आणि त्याच्या तेलाचा पहिला वास बहुधा झणझणीत आहे. तुमचे जार झाकण लावून रचलेले असतील, तर दोन उघडे ठेवून पाहा. लांबलचक वर्णन ऑनलाइन लागतं, जिथे नाक पोचत नाही.

तरी एवढ्याने तुमचा माल त्याच्याआधी संपेल, असं मी म्हणणार नाही. मोठा शब्द त्या संध्याकाळी विकतोच. एक मात्र आत्ताच करा. वसुबारसेपासून मागे मोजा: आठवडाभर कुरियरला, त्याआधी दोन आठवडे मुरायला. शेवटचं ओतणं म्हणजे तीन आठवडे आधी. ऑर्डर बंद होण्याची तारीख त्या हिशेबाने ठरवून वर्णनाखाली छापा. आणि ते तीन जार जाळून झाले की आकडे इथेच कळवा.