कंस उलटला, पण x चं चिन्ह कुणी बदललं?

एका फॉरवर्डमध्ये वहीच्या फोटोसोबत हा सल्ला आला आहे:

«वहीच्या फोटोतली राशी बघा. बाहेर ऋण घात दिसला की कंस उलटा करायचा आणि आतले ऋण घातही धन करून टाकायचे. मग प्रत्येक घाताला 3/4 ने गुणायचं. उत्तर 27y³/8x⁶. x = 1, y = 1 ठेवून ताळा बघा, जुळतोच. फोटो नीट दिसत नसेल तर कॅल्क्युलेटरवर जसंच्या तसं टाका.»

फोटोतली राशी अशी आहे:

```
(16x^(-8) / (81y^4))^(-3/4)
```

कंस उलटणं बरोबर आहे. a⁻ⁿ म्हणजे 1/aⁿ, त्यामुळे अपूर्णांकावरचा ऋण घात काढताना अंश आणि छेद जागा बदलतात, आणि बाहेरचं वजाचिन्ह त्यातच खर्ची पडतं. पण x⁻⁸ वरचं वजाचिन्ह वेगळं आहे, ते x चं स्वतःचं. कंस उलटल्यावर x⁻⁸ छेदात जातो तो आपलं चिन्ह घेऊनच:

```
(81y^4 / (16x^(-8)))^(3/4)
```

आता छेदातला x⁻⁸ धन करायचा तर त्याला अंशात आणावं लागतं, कारण 1/x⁻⁸ = x⁸. फॉरवर्डमध्ये चिन्ह पुसलं, पण x ला जागेवरून हलवलंच नाही. जागा न बदलता चिन्ह बदललं की किंमत बदलते. बरोबर पायरी ही:

```
(81x^8y^4 / 16)^(3/4)
```

शंका असेल तर कंस न उलटता सरळ गुणून पाहा. (−8) × (−3/4) = +6, आणि x मुळात अंशात होता, म्हणून x⁶ अंशातच राहतो. दोन वाटांनी एकच उत्तर येतं, ही इथली सगळ्यात भरवशाची खूण.

आकड्यांत फॉरवर्ड चुकलेलं नाही. 81 = 3⁴ आणि 16 = 2⁴, त्यामुळे आधी चौथं मूळ काढून मग घन करावा: 3³ = 27, 2³ = 8. आधी घन केला तरी चालतं, पण मग 81³ = 531441 चं चौथं मूळ शोधत बसावं लागतं.

खरी गंमत ताळ्यात आहे. 1 चा कोणताही घात 1 च. x = 1 ठेवला की x⁶ आणि 1/x⁶ यांत फरकच उरत नाही. म्हणजे जी चूक पकडायची, तीच हा ताळा झाकतो; बरोबर आणि चूक दोन्ही उत्तरं 27/8 देतात. त्याऐवजी x = 2, y = 1 घ्या. 16 × 2⁻⁸ = 1/16, त्याला 81 ने भागलं की 1/1296. 1296 = 6⁴ असल्यामुळे (1/1296) चा −3/4 वा घात 6³ = 216. आपलं उत्तर 27x⁶y³/8, म्हणजे 27 × 64/8 = 216. फॉरवर्डचं 27/512, एकापेक्षाही लहान.

y चं प्रकरण जरा नाजूक आहे. (y⁴) चा 3/4 वा घात सरळ y³ लिहिला जातो, आणि y धन असेल तर ते योग्यच. शाळेत परिमेय घातांकांचे नियम पाया धन धरूनच वापरतात, फक्त ती अट पाठ करताना गळून पडते. y = −1 ठेवा: y⁴ = 1, म्हणून x = 2 असताना मूळ राशी 216 च राहते, पण y³ लिहिलं तर −216 येतं. चौथं मूळ ऋण नसतं, म्हणून y⁴ चं चौथं मूळ y नसून |y|. अट दिलेली नसेल तर उत्तर असं लिहावं:

```
27 x^6 |y|^3 / 8,   x ≠ 0, y ≠ 0
```

x ला केवल मूल्याची गरज नाही, कारण x⁸ चं चौथं मूळ x², आणि ते ऋण होतच नाही. शून्याची अट मात्र लिहावीच. सोप्या रूपात शून्य ठेवता येतं, मूळ राशीत नाही.

राहिला कॅल्क्युलेटर. वहीत 3/4 हा छोटा अपूर्णांक वर लिहिलेला असतो, म्हणून तो पूर्ण घात आहे हे डोळ्यांना कळतं. एका ओळीत टाइप करताना ती उंची जाते.

```
(1/1296)^(-3/4)   →  216
(1/1296)^-3/4     →  544195584
```

दुसऱ्या ओळीत आधी −3 वा घात झाला आणि मग 4 ने भाग गेला. घाताला स्वतःचा कंस हवाच. फोटो पुसट असेल तर टाइप करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: −3/4 पूर्ण कंसावर आहे की फक्त छेदावर, आणि −8 एकट्या x वर आहे की 16x ला कंस आहे. (16x)⁻⁸ असेल तर 16 चाही घात बदलतो आणि वरचं एकही उत्तर लागू होत नाही.