सोळाव्या वर्षी ॲक्टिव्हा: पालकांसाठी काही हुकमी सल्ले

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता स्कूटर आणायची आहे. घरात एव्हाना ठरलेलंच आहे की सोळा पूर्ण झाले की बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं. शेजारच्यांनी सांगितलं, क्लासच्या सरांनी सांगितलं, शोरूममधल्या मुलाने तर पावतीपुस्तक उघडता उघडता सांगितलं. इतके लोक सांगतायत म्हटल्यावर मोटार वाहन कायदा उघडून बघायची गरजच काय? तो 1988 सालचा आहे, जुना झाला असेल.

तरी कुणी नतद्रष्ट नातेवाईक कलम 4 पुढे करील, म्हणून तयारी असू द्या. त्या कलमात आधी म्हटलंय की अठरा वर्षांखालच्या कुणीही सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवायचं नाही. मग एक सवलत दिली आहे: इंजिन 50 सीसीपेक्षा मोठं नसेल, तर ती मोटारसायकल सोळा पूर्ण झालेल्याला चालवता येईल. स्कूटरही कायद्याच्या लेखी मोटारसायकलच. गिअर आहे की नाही, याचा या सवलतीत उल्लेखसुद्धा नाही. मोजायचं ते इंजिन. ॲक्टिव्हाचं इंजिन 109.51 सीसीचं आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. पण नातेवाइकाला इतकंच सांगा की आमची गाडी हळू चालते.

आता प्रामाणिकपणे नियम पाळायचाच अशी खुमखुमी असेल, तर 50 सीसीची गाडी शोधायला बाहेर पडा. कलम लिहिलं गेलं तेव्हा रस्त्यावर लुना होती. पायडल मारून सुरू व्हायची, चढावर पुन्हा पायडल मागायची, आणि उतारावरही तिचा वेग पाहून कुणी घाबरत नसे. सवलत त्या गाडीच्या बेताची होती. त्यानंतर आलेली सनी आणि पहिली स्कूटी याच 60 सीसीच्या आसपास होत्या, म्हणजे त्यासुद्धा सोळाव्या वर्षाला चालत नव्हत्या; आपल्या ओळखीतल्या किती ताया त्यावरून कॉलेजला गेल्या, ते इथे उकरून काढायला नको. आज मोपेड म्हणून जी मिळते ती 99.7 सीसीची. पेट्रोलवर चालणारी 50 सीसीची नवी गाडी शोरूममध्ये मागून बघा, सेल्समन आदराने चहा पाजेल. तेव्हा कायदेशीर मार्ग एकच उरला: मामाच्या गोठ्यात पडलेली लुना बाहेर काढा, पंधरा वर्षं उलटून गेलेल्या नोंदणीचं नूतनीकरण करा, विमा काढा, पीयूसी काढा, आणि बंड्याला सांगा, घे. बंड्या त्या दिवसापासून बसने जाईल.

लुना नको म्हणता? बरं, मग लायसन्सच्या बाजूने या. इथे आपल्या फायद्याची एक गंमत आहे. लायसन्सवर वर्ग छापतात तो MCWOG, म्हणजे गिअर नसलेली मोटारसायकल. बंड्याला तो सोळाव्या वर्षी मिळाला आणि तुम्हाला पंचेचाळिसाव्या वर्षी मिळाला, तरी अक्षरं तीच. बंड्यासाठी मर्यादा 50 सीसीची आणि तुमच्यासाठी ती नाही, हे कार्ड ओरडून सांगत नाही. ते कलम 4 मध्ये आणि कार्डावरच्या जन्मतारखेत लपलेलं असतं. म्हणून कार्ड लॅमिनेट करा, बंड्याच्या पाकिटात ठेवा आणि निश्चिंत व्हा. नाक्यावर हवालदार जन्मतारीख बघणार नाही, असं धरून चाला. आरसी बुकात घनक्षमता हा रकाना असतो, तोही तो बघणार नाही. गाडीचा नंबर मोबाइलवर टाकला की सगळं समोर येतं, हे तर त्याला माहीतच नसणार.

हे लायसन्स मिळवताना तुमची लेखी संमती लागते, अठरा वर्षांखालच्यासाठी कलम 7 तशी मागते. सही ठसठशीत करा. पुढे कोर्टात ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणायची वेळ आली, तर पोराला गाडीवर बसवायला आपण राजी होतो याचा कागद आपल्याच हस्ताक्षरात सरकारदरबारी असलेला बरा.

आधी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. या काळात पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा असतो, पाटी अठरा सेंटिमीटरची चौकोनी. शिवाय त्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस शिकवायला मागे बसायला हवा, आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला मागे बसवायचं नाही. ही अट बंड्या काटेकोर पाळतो. मागे नेहमी कुणीतरी असतं. ते पंधरा वर्षांचं असतं आणि त्याच्या हातात बंड्याचा मोबाइल असतो, एवढाच फरक.

आता मुख्य सल्ला. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात 199अ नावाचं कलम घातलंय, ते 1 सप्टेंबर 2019 पासून लागू आहे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. त्यात ‘किंवा मालक’ हे दोन शब्द आपल्यासारख्या हुशारांसाठीच आहेत. गाडी आजोबांच्या नावावर घ्या. त्यामुळे गुन्ह्याला घरातला आणखी एक उमेदवार मिळतो, आणि आजोबांना या वयात कोर्टाची इमारत आतून बघायला मिळते.

घाबरू नका, सुटकेची वाट कलमातच आहे. गाडी माझ्या नकळत नेली, किंवा मी ती नेऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध केलं की सुटलात. फक्त ते सिद्ध तुम्ही करायचं आहे. न्यायालय तुमची संमती होती असंच गृहीत धरून सुरुवात करतं. तेव्हा पुरावा आजपासूनच तयार ठेवा. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर, बंड्याच्या हाताच्या उंचीवर टांगा. पेट्रोलला रोख न देता यूपीआयने पैसे पाठवा आणि खाली ‘बंड्या पेट्रोल’ असं लिहा. रोज सकाळी सव्वासहाला व्हॉट्सॲपवर ‘पोचलास का? सावकाश जा, पावसाने चिखल आहे’ असा मेसेज टाका. नकळतपणाचा याहून भक्कम पुरावा वकिलालाही सुचणार नाही.

याच कलमात आणखी एक पळवाट आहे असं तुम्हाला कुणी सांगेल: मुलाकडे लायसन्स असेल तर पालकाला हे कलम लागत नाही. खरं आहे. पुढचं अर्धं वाक्य मात्र सांगणारा गिळतो. जी गाडी चालवायचं लायसन्स आहे तीच तो चालवत असला पाहिजे. बंड्याचं सोळाव्या वर्षाचं लायसन्स 50 सीसीला पुरतं, 109 सीसीला नाही.

आता एकदा पूर्ण हिशोब मांडून टाकू. बंड्या सतरा वर्षं दोन महिन्यांचा, बारावीत. गाडी आईच्या नावावर. सकाळच्या क्लासला जाताना चौकात अडवला. वय नसताना चालवली म्हणून कलम 181 खाली पाच हजार. आईने चालवू दिली म्हणून कलम 180 खाली पाच हजार. 199अ खालचे पंचवीस हजार वेगळे, आणि ते रस्त्याच्या कडेला पावती फाडून मिटत नाहीत, कारण तडजोडीने मिटवता येणाऱ्या कलमांच्या यादीत ते नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, म्हणजे वर्षभर आई भाजीला रिक्षाने. आणि बंड्याला वयाची पंचवीस पूर्ण होईपर्यंत शिकाऊ लायसन्ससुद्धा नाही. अठराव्या वर्षापर्यंत दहा महिने थांबायचं नव्हतं ना, आता सात वर्षं दहा महिने थांबायचं. मित्र नोकरीला गाडीने जातील, बंड्या इंजिनिअर होऊन त्यांच्या मागे बसेल.

हे सगळं कुणाला खरचटलंसुद्धा नाही असं धरून. कुणाला धडक बसली तर विमा आहेच, असा दिलासा स्वतःला द्या. पॉलिसीत वैध लायसन्सची अट असते, ती वाचू नका, अक्षरं बारीक असतात. आपल्या गाडीचं नुकसान कंपनी नाकारील. जखमी माणसाला भरपाई देण्याचा आदेश झाला, तर बहुतेक वेळा कंपनी आधी पैसे भरते आणि मग मालकाकडून वसूल करते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ही वाट घालून दिली आहे. समजा भरपाई सहा लाखांची ठरली. सहा लाख आईच्या नावावर. स्कूटर तिच्या नावावर घेतली तेव्हा सोसायटीत कौतुक झालं होतंच.

इतकं ऐकून इलेक्ट्रिककडे वळणार असाल, तर तिथेही सल्ला तयार आहे. मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोंच्या आत असेल, तर ती गाडी मोटार वाहनच धरली जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. ही घ्या, आणि तिसऱ्या दिवशी बंड्याला दुकानात घेऊन जा. तिथला मुलगा कंट्रोलरची एक वायर काढून वेग वाढवून देतो. त्या वायरीबरोबर सवलतही निघते. मग खाली उरते ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली, नंबरप्लेट नसलेली मोटारसायकल, आणि तिच्यावर बसलेला लायसन्स नसलेला मुलगा. म्हणजे ॲक्टिव्हापेक्षा चार कलमं जास्त.

कुणी अगदीच अरसिक असेल आणि अठरा पूर्ण होईपर्यंत थांबेल, तर त्याच्यावर मात्र सरकार फिदा आहे. युरोपात इंजिनाच्या पायऱ्या असतात: आधी 50 सीसी, मग 125, मग 35 किलोवॅटपर्यंत, आणि मोठ्या गाडीला मधल्या पायरीवर दोन वर्षं काढावी लागतात, नाहीतर थेट घ्यायची तर वयाची चोविशी गाठावी लागते. आपल्याकडे 50 सीसीच्या पुढे एकही पायरी नाही, इथून पुढे फक्त गिअर आहे की नाही एवढंच विचारतात. परीक्षेला स्कूटर नेलीत तर बिनगिअरचाच वर्ग मिळेल, आणि नंतर गिअरचा वर्ग जोडायला पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा तीस दिवस. म्हणून बंड्याच्या काकांची 100 सीसीची गिअरची गाडी मागून आणा. तिच्यावर आठचा आकडा नीट काढला, पाय टेकवला नाही, की त्याच लायसन्सवर दुसऱ्या दिवशी 1340 सीसीची हायाबुसा चालवायला बंड्या कायद्याने मोकळा. फक्त ती कुणाच्या नावावर घ्यायची, ते आजोबांना एकदा विचारून घ्या.