घरच्या उपचारांचा मेडिक्लेम: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘घरी उपचार घेतले तरी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि बिलं जोडली की मेडिक्लेमचे पैसे मिळतातच.’

मिळतातच असं नाही. आजार मुळात रुग्णालयात भरती करण्याजोगा हवा आणि रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नसावा, किंवा रुग्णालयात जागाच मिळालेली नसावी. बऱ्याच पॉलिसींत उपचार 3 दिवसांपेक्षा जास्त चाललेले लागतात. दमा, मधुमेह, रक्तदाब असे आजार वगळलेलेही असतात. ती यादी आधी वाचा.

दावा अडतो तो बहुतेकदा सर्टिफिकेटच्या शब्दांवर. समजा, 80 वर्षांच्या आजोबांना न्यूमोनिया झालाय. ‘घरी विश्रांतीचा सल्ला दिला’ एवढंच लिहिलं, तर कंपनी म्हणणार, मग भरतीची गरजच नव्हती! त्याऐवजी डॉक्टरांनी निदान, तपासणीची तारीख, ऑक्सिजनची नोंद आणि ‘भरती आवश्यक होती, पण या अवस्थेत रुग्णाला हलवणं जिवाला धोक्याचं होतं’ हे कारणासह लिहायला हवं. मागची तारीख टाकून मात्र घेऊ नका, रोजच्या नोंदींशी ती जुळत नाही.

अर्जात पॉलिसी क्रमांक, उपचार सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख आणि एकूण रक्कम लिहा. औषधाच्या प्रत्येक बिलामागे त्याची चिठ्ठी लावा. नर्सची पावती सही आणि तारखांसह हवी. ‘नर्सिंग, रोख’ एवढ्यावर भागत नाही. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा, पोच घ्या. आणि कंपनीला कळवायचं ते उपचार सुरू होताच, बिलं गोळा होईपर्यंत थांबून नव्हे.